'बघू' म्हणालेल्या कारखानदाराला डेमोची वेळ कशी सुचवावी?

प्रश्न: "मी सोलापुरात टॉवेल आणि गारमेंटवाल्यांसाठी स्टॉक-जॉबवर्कचं सॉफ्टवेअर विकतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारांना भेटलो. त्यांनी दहा-पंधरा मिनिटं नीट ऐकलं, डाइंगच्या हिशोबाबद्दल एक-दोन प्रश्न विचारले, 'एकदा दाखवा, बघू' म्हणाले आणि नंबर दिला. दुसऱ्या दिवशी 'सर, डेमोसाठी कधी वेळ आहे?' असा व्हॉट्सअ‍ॅप केला. निळी टिक आली, उत्तर नाही. आज पाचवा दिवस. परत काय लिहू? मागे लागल्यासारखं वाटेल का?"

उत्तर:

निळ्या टिकेचा अर्थ एवढाच, की मेसेज उघडला गेला. तो कुठे उघडला, कोणत्या गडबडीत उघडला, हे ती सांगत नाही. मी १४ वर्षं सोलापुरातल्या कारखान्यांना बिलिंग आणि स्टॉकची सॉफ्टवेअर विकतोय आणि बसवूनही देतोय. माझा अनुभव असा, की तुमच्यासारख्या प्रसंगात बहुतेक वेळा माणूस नाही म्हणत नसतो. त्याला उत्तर द्यायचं असतं, पण ते उत्तर सोपं नसतं, म्हणून राहून जातं.

एका मालकांच्या केबिनमध्ये पेमेंटसाठी बसलो होतो, तेव्हाचं सांगतो. डाइंगहून सुताचा टेम्पो आला होता. बाहेर काट्यावर पोती चढत होती, हमाल वजन ओरडून सांगत होता आणि मालक खिडकीतून ऐकून ते एका वहीत लिहीत होते. फोन वाजला, त्यांनी मेसेज वाचला, फोन टेबलावर उपडा ठेवला आणि पुढचं वजन लिहिलं. मेसेज कोणत्यातरी विक्रेत्याचा होता, 'कधी येऊ साहेब?' एवढाच. तो वाईट नव्हता. पण त्याला उत्तर द्यायचं तर आधी किती गोष्टी ठरवाव्या लागतात बघा. कोणत्या दिवशी? अर्धा तास लागेल की अर्धा दिवस? मुलगा गावात आहे का? दिवाणजी मोकळे आहेत का? कारखान्यात बसायचं की दुकानात? तुम्ही एक प्रश्न विचारता, त्याच्या पोटात पाच असतात. हे सगळं ज्याच्यावर टाकलं, तो काट्यावरचं वजन सोडून त्याचा विचार करत बसणार नाही. संध्याकाळी बघू म्हणेल, आणि संध्याकाळपर्यंत त्या मेसेजवर आणखी चाळीस मेसेज चढलेले असतील.

तेव्हा तुमची अडचण 'परत मेसेज करू की नको' ही नाही. पहिल्या मेसेजमध्ये ठरवायचं सगळं काम तुम्ही त्यांच्यावर सोडलं, ही अडचण आहे. दुसऱ्या मेसेजमध्ये ते काम तुम्ही स्वतः करून द्यायचं. त्यांना फक्त 'हो', 'दुसरी वेळ' किंवा 'आत्ता नको' एवढंच म्हणायला उरलं पाहिजे.

मात्र त्याआधी एक तपासून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. त्यांनी नुसतं 'बघू' म्हटलं होतं, की स्वतःच्या कारखान्याबद्दल काही विचारलं होतं? तुम्ही लिहिलंय, की डाइंगच्या हिशोबाबद्दल विचारलं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे समोर आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत, चहा पाजून 'बघू' म्हणतात. त्यामुळे एकट्या 'बघू'वर डेमोची वेळ मागायला जाऊ नये, ती घाई होते. तिथे आधी एखादा छोटा प्रश्न विचारून बोलणं पुढे न्यावं. पण जो माणूस 'आमच्याकडे असं होतं, तुमच्यात ते कसं दाखवणार?' असं विचारतो, तो मनातल्या मनात तुमचं सॉफ्टवेअर स्वतःच्या टेबलावर ठेवून बघत असतो. अशाला वेळ सुचवलीच पाहिजे. उलट ती सुचवली नाही, तर आपला प्रश्न याने ऐकलाच नाही असं त्याला वाटतं.

आता तो प्रश्न नेमका काय होता ते आठवा. भेटीनंतर गाडीवर बसण्याआधी दोन ओळी लिहून ठेवायची सवय नसेल तर ती लावून घ्या, कारण पुढचा मेसेज त्या दोन ओळींतूनच निघतो. टॉवेलवाल्यांकडे मला सर्वात जास्त ऐकायला मिळालेला प्रश्न घटीचा आहे, म्हणून तोच धरून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

एका कारखान्याचं काम असं चालायचं. सूत विकत घ्यायचं, रंगवायला बाहेर द्यायचं, परत आलं की बीम करून मागावर चढवायचं, मग कटिंग, हेमिंग, चेकिंग, पॅकिंग. हेमिंग बायका घरी नेऊन करायच्या. सूत किलोत मोजायचं, टॉवेल डझनात. पाचशे किलो सूत डाइंगला गेलं आणि चारशे ऐंशी परत आलं, तर ते वीस किलो कुठे लिहायचे? धुलाईत आणि ब्लीचिंगमध्ये थोडं वजन जातंच. पण किती गेलं तर रास्त आणि किती गेलं तर डाइंगवाल्याला विचारायचं, हे मालकांच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "घट तुम्ही कुठं दाखवणार? आमचा दिवाणजी ती शेवटी एकदम मारतो." त्यांना सॉफ्टवेअर नको होतं, त्या वीस किलोंचं उत्तर हवं होतं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना हा मेसेज केला:

"नमस्कार शेठ, डाइंगच्या घटीचं तुम्ही काल विचारलं होतं, ते तुमच्याच चलनावर दाखवतो.
पाठवलेलं सूत, परत आलेलं सूत आणि फरक, प्रत्येक डाइंगवाल्याचा वेगळा दिसेल. २५ मिनिटं लागतील. लॅपटॉप आणि नेट माझंच आणतो.
बुधवार १२ तारीख, दुपारी ४ वाजता कारखान्यात येऊ का? नाहीतर शुक्रवार १४ तारीख, सकाळी ११:३०.
दिवाणजी सोबत बसले तर त्यांच्या शंका तिथंच मिटतील.
दोन्ही वेळा जमत नसतील तर 'पुढच्या आठवड्यात' एवढं लिहा, मी त्याप्रमाणे विचारतो."

उत्तर रात्री आलं. एकच शब्द: "शुक्रवार".

हा मेसेज तसाच्या तसा उचलू नका, पण त्यातली प्रत्येक ओळ तिथे का आहे ते समजून घ्या. फोन कुलूपबंद असताना नोटिफिकेशनमध्ये फक्त पहिली ओळ-दीड ओळ दिसते. तिथे 'मी अमुक कंपनीतून बोलतोय, आपली काल भेट झाली होती' असं लिहिलं, की विक्रेत्याचा मेसेज म्हणून तो बाजूला पडतो. 'डाइंगच्या घटीचं तुम्ही विचारलं होतं' असं लिहिलं, की ते शब्द त्यांचेच असतात, म्हणून तो उघडला जातो. 'नमस्कार'नंतर 'शेठ' लिहायचं, 'साहेब' की 'अण्णा', हे कारखान्यातले लोक त्यांना काय म्हणतात त्यावरून ठरवा. पूर्वभागात बऱ्याच मालकांच्या घरात तेलुगू बोलतात. तुम्हाला तेलुगू येत असेल तर फोनवर जरूर बोला, पण मेसेज मराठीत सरळ आणि छोटा ठेवा. 'डियर सर'ने सुरू होणारा इंग्रजी मेसेज इथे परका वाटतो, मी तो कधीच सोडून दिला.

दुसऱ्या ओळीत काय दिसणार आणि किती वेळ लागणार, हे दोन्ही आहे. वेळ खरी लिहा. पंचवीस मिनिटं लिहून दीड तास बसणारे बरेच येऊन गेलेले असतात, त्यामुळे मालक आधीच सावध असतात. पंचवीसाव्या मिनिटाला तुम्ही स्वतः म्हणालात, "शेठ, २५ मिनिटं झाली, पुढचं दाखवू की थांबू?", तर पुढच्या अर्ध्या तासाची परवानगी तेच देतात. लॅपटॉप आणि नेटचं लिहायचं कारण साधं आहे. शेडमध्ये नेट धड चालत नाही आणि मालकांना पाहुण्यासाठी धावपळ करायला लावणं बरं दिसत नाही.

शेवटची ओळ काही जणांना उगाच वाटते. 'जमत नसेल तर' असं आपणच का लिहायचं, नकाराची वाट आपणच का दाखवायची? माझं मत उलट आहे. नाही म्हणायचा सोपा मार्ग नसेल तर माणूस गप्प बसतो आणि गप्प बसलेल्या माणसाबरोबर तुम्हाला पुढे काहीच करता येत नाही. 'पुढच्या आठवड्यात' आलं तर ते उत्तर आहे, त्याला धरून पुढे बोलता येतं.

आता वेळ कशी निवडायची ते. इथेच जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दोनच वेळा द्या. एकच दिली तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं आणि चार दिल्या तर पुन्हा निवडायचं काम त्यांच्याकडे जातं. शिवाय त्या दोन वेळा एकमेकींपासून लांब असाव्यात. एक दुपारची, एक सकाळची, वेगवेगळ्या दिवशी. बुधवारी चार आणि बुधवारी पाच अशा दिल्या, तर बुधवारच अडला की दोन्ही गेल्या. आजची किंवा उद्याची वेळ देऊ नका, त्यात घाई दिसते. दहा दिवसांनंतरचीही देऊ नका, तोवर घटीचा विषय थंड होतो. दोन ते चार दिवसांनंतरची बरी. वार आणि तारीख दोन्ही लिहा. नुसतं 'शुक्रवारी' लिहिलं तर हा की पुढचा, असा घोळ होतो.

वेळ देण्याआधी त्यांचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांची विक्रीची विवरणं ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत जायची असतात. त्याच्या आदल्या दोन दिवसांत दिवाणजी तुमच्याकडे मान वर करून बघणार नाहीत. म्हणूनच मी वर १२ आणि १४ दिली. पगारवाटपाचा दिवस कोणता, ते गेटवरच्या माणसाला किंवा दिवाणजींना सहज विचारता येतं. तो दिवस टाळा. सकाळी कारखान्यात आल्याबरोबर पहिला तास मालकांचा नसतो. कोणता माग बंद आहे, जॉबर आला का, कोणता कामगार आला नाही, यात तो जातो. साडेअकरानंतर किंवा दुपारी जेवून आल्यावर चारच्या सुमाराला माणूस जरा निवांत सापडतो. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी दोनला पत्र्याच्या शेडमध्ये कोणालाच काही बघायचं नसतं, तेव्हा सकाळ किंवा संध्याकाळ धरा.

सण आणि हंगामाचंही तसंच. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा गावाचं लक्ष तिकडे असतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो. पद्मशाली मालकांना त्या दिवशी डेमोची वेळ सुचवली, तर तुम्हाला या गावची माहिती नाही हे त्यांना लगेच कळतं. गारमेंटमध्ये युनिफॉर्मवाले असतील तर जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत त्यांच्याकडे श्वास घ्यायला जागा नसते. त्यांना एप्रिलमध्ये डेमो सुचवण्यापेक्षा 'शाळा सुरू झाल्या की जुलैच्या पहिल्या आठवड्यात येऊ का?' असं विचारलं, तर पटकन हो म्हणतात. मात्र जुलैत तुम्ही खरंच गेलं पाहिजे, ती नोंद तुमच्या वहीत राहिली पाहिजे.

दिवाणजींबद्दल एक अनुभव सांगतो, कारण तो मला महागात पडला. सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात मी मालकांनाच गाठून डेमो दिला. मालक खूश झाले, "चालू करा" म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात बसवायला गेलो तर दिवाणजी म्हणाले, "जुन्या चलनांचं काय? मला पुन्हा सगळं टाकायला लावणार का?" मला कोणीच सांगितलं नव्हतं, की त्यांच्याकडे दोन वर्षांची चलनं एका जाड रजिस्टरमध्ये होती. त्यांनी विरोध केला नाही, फक्त रोज 'उद्या' म्हणत राहिले. तीन महिन्यांनी मालकांनीच सांगितलं, की राहू द्या. चूक दिवाणजींची नव्हती. ज्याच्या हातावर रोज ते काम पडणार, त्याला मी डेमोला बोलावलंच नव्हतं. तेव्हापासून वेळेच्या मेसेजमध्ये दिवाणजींची ओळ मी कधी सोडत नाही. पण ती मागणी वाटू नये, सोय वाटावी. 'दिवाणजींना बोलवा' म्हटलं की अट घातल्यासारखं होतं. 'सोबत बसले तर त्यांच्या शंका तिथंच मिटतील' म्हटलं की मालक स्वतःच त्यांना बसवतात.

आणि दिवाणजी बसणार असतील तर त्यांच्या कामाचंही काहीतरी दाखवायला न्या. जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर तो पाठवल्या दिवशीच विकला असं जीएसटीत धरलं जातं. आणि अशा मालाचा हिशोब आयटीसी-०४ मध्ये द्यावा लागतो. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींपेक्षा जास्त आहे त्यांना सहा महिन्यांनी, बाकीच्यांना वर्षातून एकदा. कोणत्या चलनाला दहा महिने होऊन गेले, हे एका यादीत दिसलं, की दिवाणजी खुर्ची पुढे ओढतात. पण हे मेसेजमध्ये लिहू नका. मेसेज मालकांना जातो आणि त्यांचा प्रश्न घटीचा आहे. दोन विषय घातले की दोन्ही फिके पडतात.

आता तुमच्याकडे वळू. पाच दिवस गेले आहेत, पहिला मेसेज वाया गेला आहे. नव्या मेसेजमध्ये त्या जुन्या मेसेजचा उल्लेखही करू नका. 'आपलं उत्तर आलं नाही', 'रिमाइंडर', 'कृपया लक्ष द्यावे' यातलं काहीही नको. असं लिहिलं की समोरच्याला आपलीच चूक दाखवल्यासारखं वाटतं आणि माणूस आणखी लांब जातो. नुसतं 'सर?' किंवा तोच मेसेज फॉरवर्ड करणं तर अजिबात नको. मागे लागल्यासारखं कशाने वाटतं, तर तेच ते पुन्हा मागितल्याने. नवीन काहीतरी घेऊन गेलात तर तसं वाटत नाही.

म्हणून आज किंवा उद्या बसा आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या कामासारखी तीन चलनं भरा. नावं खोटी, आकडे तुमचे, पण रचना त्यांची: सूत किलोत गेलं, किलोत आलं, घट इतकी, टॉवेल डझनात निघाले. त्या पडद्याचा एक फोटो काढा. फोनवर बोटांनी मोठा न करता वाचता येईल एवढाच भाग ठेवा, कारण मालक तो टेम्पोशेजारी उभं राहून बघणार आहेत. मग लिहा:

"नमस्कार शेठ, डाइंगला गेलेलं आणि आलेलं सूत शेजारी-शेजारी कसं दिसेल, ते एका नमुन्यावर भरून बघितलं, फोटो खाली आहे.
तुमच्या तीन चलनांवर हेच २५ मिनिटांत दाखवतो. रेट झाकून दिलीत तरी चालेल, मला फक्त वजन लागेल.
मंगळवारी दुपारी ४ की गुरुवारी सकाळी ११:३०? कारखान्यातच येतो."

तारखा तुमच्या कॅलेंडरप्रमाणे घाला. रेट झाकण्याचं वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. कोणत्या डाइंगवाल्याला काय भाव देतो, हे बाहेर जावं असं कोणाही कारखानदाराला वाटत नाही, आणि तुम्ही त्याच रस्त्यावरच्या पाच कारखान्यांत जाता हे त्यांना माहीत असतं. तुम्ही आपणहून हे बोललात, की अर्धी शंका जाते. आणि दुसऱ्या कोणत्या कारखान्याचा खरा पडदा नमुना म्हणून कधीही पाठवू नका, नाव खोडूनही नाही. सूत कोणाचं, क्वालिटी कोणती, यावरून इथली माणसं बरोबर ओळखतात, आणि उद्या आपलंही असंच फिरेल हे त्यांच्या मनात पक्कं बसतं.

हा मेसेज गेल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर फोन करा. सोलापुरात फोन करणं आगाऊपणाचं मानत नाहीत. मेसेजला उत्तर न देणारी माणसं फोनवर दोन मिनिटांत वेळ देऊन टाकतात, हे मी कितीदा बघितलंय. फोनवर सॉफ्टवेअर विकायला सुरुवात करू नका. "शेठ, घटीचा फोटो बघितलात का? मंगळवारी चारला येऊ की गुरुवारी?" एवढंच. ते बोलले की ऐका. आवाजामागे माग चालू असतील तर "नंतर करतो" म्हणून ठेवून द्या. तेवढ्या आवाजात मिळालेला होकार सहसा टिकत नाही.

यावर काय उत्तरं येतात तेही सांगतो. "पुढच्या आठवड्यात बघू" आलं तर "बरं शेठ, मग मंगळवारी १८ ला चारला धरतो, सोमवारी एकदा विचारून येतो" असं लगेच बांधून घ्या. पुन्हा 'कधी' विचारलंत तर तुम्ही आधीच्याच जागी परत आलात. "रेट किती?" आलं तर टाळाटाळ करू नका. 'डेमोत सांगतो' म्हटलं की ते महाग असणार असा अर्थ घेतात. किती मागांसाठी किती, वर्षाला किती, बसवायचे वेगळे किती, हे दोन ओळीत सांगा आणि त्याच मेसेजच्या शेवटी दोन वेळा द्या. "आमच्याकडे टॅली आहे" आलं तर टॅलीशी भांडू नका. खातेवही तिथेच राहील, तुम्ही फक्त डाइंग आणि हेमिंगला गेलेल्या मालाचा हिशोब दाखवताय, हे सांगा. तुमचं सॉफ्टवेअर टॅलीत नोंदी पाठवू शकत असेल तरच तसं म्हणा. नसेल तर डेमोत दिवाणजी पाच मिनिटांत ते बाहेर काढतात. आणि "पीडीएफ पाठवा" आलं तर बहुतेक वेळा ते सौम्य 'नको' असतं. मी एक पान पाठवतो, घटीचंच, आणि एकदा फोन करतो. तेव्हाही वेळ मिळाली नाही तर थांबतो.

थांबायचं कुठे, हे ठरलेलं असावं. माझा हिशोब असा: एक मेसेज, एक फोटोसह मेसेज, एक फोन. एवढं करून काही हललं नाही तर शेवटचं एक वाक्य लिहितो, "शेठ, सध्या गडबड दिसतेय. दिवाळीनंतर एकदा विचारतो", आणि खरंच दिवाळीनंतरच विचारतो. मध्ये सणाचे फोटो, 'गुड मॉर्निंग' असलं काही पाठवत नाही. मोठ्या निर्यातवाल्या कारखान्यांत परचेस मॅनेजर असतो, त्यांच्या बाबतीत हे बदलतं. तिथे ईमेल आणि कॅलेंडरचं आमंत्रणच चालतं, कारण त्यांना ते वर दाखवायचं असतं. पण मालकच जिथे काट्याजवळ उभे असतात, तिथे कॅलेंडरची लिंक पाठवून 'आपल्या सोयीची वेळ निवडा' म्हणणं म्हणजे पुन्हा तेच काम त्यांच्यावर टाकणं झालं.

होकार आला की लगेच एक ओळ पाठवा: "शुक्रवार १४, सकाळी ११:३०, कारखान्यात. डाइंगची तीन चलनं काढून ठेवा, बाकी माझं." आदल्या संध्याकाळी पुन्हा एक ओळ. 'येऊ ना?' असं विचारू नका, त्याने नाही म्हणायची आठवण होते. 'उद्या ११:३० ला येतोय' असं लिहा. सकाळी निघताना फोन करून वीज आहे का विचारा, कारण मोटारी बंद असल्या की मालक शेडमध्ये असतात, केबिनमध्ये नसतात. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्या. चलनं हातात आल्यावर आधी तुमचा मेनू दाखवत बसू नका. त्यांचं पहिलं चलन घ्या, वजन त्यांनाच वाचायला सांगा, तुम्ही भरा. पाठवलेलं पाचशे, आलेलं चारशे ऐंशी. घटीच्या रकान्यात वीस आकडा दिसला, की तिथे दोन मिनिटं गप्प बसा. त्या शुक्रवारी माझ्यासमोर शेठ त्या आकड्याकडे बघत होते, मग दिवाणजींना म्हणाले, "मागच्या महिन्याचं रजिस्टर आण."